एवढा शिकलेला माणूस टिकेल का? ज्युनिअर जागेसाठी मालकाची खात्री कशी पटवावी

गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत मी 17 वर्षं अकाउंट्स बघतोय. ज्युनिअर अकाउंट असिस्टंटची जागा निघाली की अर्ज आधी माझ्याकडे येतात आणि मग मालकांकडे जातात. मालक बायोडाटा मागून वाचतात. आधी शेवटचा पगार, मग वय, मग शिक्षण. शेवटचा पगार आपल्या जागेच्या दुप्पट दिसला की कागद बाजूला ठेवून म्हणतात, "हे पाव्हणं टिकायचं न्हाई."

यामागं एक जुनी जखम आहे. काही वर्षांपूर्वी अकरा वर्षांचा अनुभव असलेला एक एम.कॉम. माणूस आम्ही याच जागेवर घेतला. सप्टेंबरात रुजू झाला, कामाला वाघ होता. 18 फेब्रुवारीला पुण्याहून फोन आला आणि तो आठवड्यात गेला. पुढं मार्च. वर्षअखेरीचा स्टॉक, बँकेचं स्टेटमेंट, थकलेली येणी, सगळं माझ्या आणि एका नव्या पोराच्या अंगावर पडलं. त्यानंतर मालकांचं वाक्य ठरलेलं आहे: "बारावी पास आणा, पण टिकणारा आणा."

तुम्ही पुण्या-मुंबईहून परत आला असाल आणि इथं खालच्या जागेसाठी अर्ज करत असाल, तर तुमच्या आधी येऊन गेलेल्या अशा माणसाचा हिशेब तुम्हाला चुकवावा लागतो. तुमचा त्यात दोष नाही. पण समोरचा माणूस तुमच्याकडे बघत नसतो, त्याला तो आधीचा माणूसच दिसत असतो, हे धरून चाला.

मी सगळं अकाउंट्सच्या जागेबद्दल लिहितोय, कारण मला तेवढंच नीट माहीत आहे. स्टोअर, डिस्पॅच किंवा क्वालिटीतल्या जागेला यातलं बरंच लागू पडेल, फक्त तारखा आणि कागद बदलतील.

नकार कसा ओळखायचा

"तुम्ही जास्त शिकलेले आहात" असं आपल्याकडं कुणी तोंडावर म्हणत नाही. म्हणतात, "ही तुमच्या लेव्हलची जागा नाही हो." किंवा, "आमच्याकडं काय, छोटं काम आहे." किंवा चहा पाजतात, गावाकडची चौकशी करतात आणि "कळवतो" म्हणून सोडतात. पगाराचा विषयच निघाला नाही, तर समजा की मनात नकार झालेला आहे.

या बोलण्यामागं साधारण तीन वेगवेगळ्या भीती असतात. एक, हा मध्येच जाणार, आणि जाताना नेमका मार्च किंवा ऑडिटची वेळ गाठणार. दोन, या पगारात याचं भागणार नाही, मग सहा महिन्यांत कुरकुर सुरू होणार. तीन, आमच्या अकाउंट्सच्या मॅडम तिशीच्या, हा चाळिशीचा, मग हा त्यांचं ऐकणार का?

पहिल्या दोन भीती मालकाच्या असतात. तिसरी बहुतेक वेळा मॅडमची असते आणि ती कधीच बोलून दाखवली जात नाही. तरी अर्ज सगळ्यात जास्त तिथंच अडतात, कारण मालक मुलाखत संपल्यावर त्यांनाच विचारतात, "काय, घ्यायचं का?" आणि त्या म्हणतात, "बघा तुम्हीच."

गेल्या वर्षी याच जागेवर आम्ही एक गृहस्थ घेतले. वय 39, पुण्यात असिस्टंट मॅनेजर, हातात 46,000. आमची जागा 24,000 ची. त्यांनी काय केलं तेच खाली सांगतो, कारण मालकांचं ठरलेलं वाक्य खोटं पाडणारा तो मला भेटलेला पहिला माणूस होता.

परत येण्याचं कारण: टिकणारं आणि पडताळता येणारं

बहुतेक जण सांगतात, "वडील आजारी असतात, म्हणून आलो." कारण खरं असतं, ऐकणाऱ्याला वाईटही वाटतं. पण मालकाच्या डोक्यात एक विचार येऊन जातो जो तो बोलू शकत नाही: वडील बरे झाले, किंवा उद्या काही झालंच, की हा परत जाणार. आजारपण हे येण्याचं कारण होतं, राहण्याचं कारण होत नाही.

राहण्याचं कारण वेगळं सांगावं लागतं. त्या गृहस्थांनी सांगितलं ते असं: "पुण्यातलं भाड्याचं घर मे महिन्यात सोडलं. मुलीचं नाव इथल्या शाळेत जूनमध्ये घातलं, ती पाचवीत आहे. मिसेस इथंच शाळेत शिकवतात. आई-वडील वरच्या मजल्यावर." एवढंच. "मला कोल्हापूर सोडायचं नाही" हे वाक्य त्यांनी वापरलंच नाही, आणि त्याची गरजही पडली नाही. पाचवीतल्या मुलीची शाळा बदललेला बाप वर्षभरात पुन्हा गाव बदलत नाही, हे मालकांना कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्याकडं अशी कुठली गोष्ट आहे जी तुम्ही आधीच करून बसला आहात आणि परत फिरवायला अवघड आहे, ती शोधा. घर सोडणं, शाळा, बायकोची बदली, शेतात घातलेला पैसा. अजून काहीच केलं नसेल, पुण्यातलं घर अजून भाड्यानं ठेवलं असेल, तर मुलाखतीत कितीही गोड बोला, माणूस हेरतो. आणि हेरणं सोपं आहे. आपल्याकडं निम्म्या कारखान्यांत कुणाचा तरी चुलतभाऊ असतो. दुपारपर्यंत फोन फिरतो आणि तुमच्या गल्लीतली माहिती संध्याकाळी मालकाकडं असते.

यातच नोकरीच्या वेबसाइटवरची तुमची प्रोफाइल येते. तिथं "पसंतीचं शहर पुणे, अपेक्षित पगार 9 लाख" असं राहिलं असेल आणि ती परवाच अपडेट केलेली दिसत असेल, तर बाकी सगळं बोलणं वाया गेलं. अर्ज करण्याच्या आधी ती बदला. आणि ती बदलायला हात धजत नसेल, तर तुम्हाला ही जागा खरंच हवी आहे का, हे घरी बसून आधी ठरवा. मधल्या काळापुरती नोकरी हवी असेल तर तसं सांगून कंत्राटी काम मागावं. मार्चच्या तोंडाला असं काम बऱ्याच ठिकाणी मिळतं.

एक गंमत सांगतो. शिरोलीकडच्या कारखान्यांत "राहायला कुठं?" हा प्रश्न नुसता शिष्टाचाराचा नसतो. 2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि नदीच्या दोन बाजूंचं जाणं-येणं तुटलं. ज्यांनी ते भोगलंय त्यांना अकाउंट्सचा माणूस आपल्या बाजूचा असला तर बरं वाटतं. तुम्ही पलीकडं राहत असाल आणि पावसाळ्यात अलीकडं कुठं पाहुण्याकडं राहण्याची सोय असेल, तर तेवढं सहज बोलून टाका.

पगाराचं गणित घरी कागदावर करा

"पैशाचं काही नाही हो, काम महत्त्वाचं" हे वाक्य सगळ्यात घातक. मालक आयुष्यभर पैशाचाच व्यवहार करत आलेला असतो. पैशाचं काही नाही म्हणणारा माणूस एकतर खोटं बोलतोय, नाहीतर त्याला हिशेब येत नाही, आणि आम्ही तर हिशेबालाच माणूस शोधत असतो.

त्यापेक्षा आकडा समोर ठेवा. आमच्या जागेचं गणित असं होतं. महिन्याला 24,000. प्रॉव्हिडंट फंड 15,000 च्या मर्यादेवर 12 टक्के, म्हणजे 1,800 कापले जातात. व्यवसाय कर 200, फेब्रुवारीत 300. हातात येतात 22,000. ईएसआयची मर्यादा 21,000 ची आहे, म्हणजे 24,000 ला ती कपात नाही, पण दवाखान्याची ती सोयही नाही. पुण्यातल्या कंपनीचा मेडिक्लेम सुटला असेल तर हा खर्च तुमच्या गणितात धरायला विसरू नका.

आता पुण्याची बाजू. हातात 46,000. त्यातून घरभाडं 14,000. येणं-जाणं आणि बाहेरचं जेवण मिळून 5,000. महिन्यातून दोनदा कोल्हापूरला फेरी, 4,000. उरतात 23,000. इथं स्वतःचं घर, 22,000 मधून पेट्रोलचे दोन हजार वजा केले तर 20,000. म्हणजे कागदावर पगार निम्म्याहून कमी झाला, पण घरात कमी पडतात ते महिन्याला तीन हजार. ते मिसेसच्या पगारातून निघतात.

हा तक्ता मुलाखतीत वाचून दाखवायचा नसतो. तो तुमच्यासाठी असतो, म्हणजे प्रश्न आल्यावर आवाज डगमगत नाही. मालकांनी विचारलं, "चोवीसमध्ये भागंल का?" गृहस्थ म्हणाले, "हातात बावीस येतील हे धरूनच आलोय साहेब. पुण्यात भाडं आणि फेऱ्या जाऊन तेवीस उरायचे. कर्जाचा हप्ता कुठला नाही." शेवटचं वाक्य ऐकून मालकांनी पेन खाली ठेवलं. कारण त्यांच्या मनातला खरा प्रश्न हप्त्याचाच होता. 20,000 चा घराचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस 22,000 वर टिकत नाही, त्याची इच्छा कितीही असो. तुमच्यावर असा हप्ता असेल तर तो कशातून जातो हे सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर मालकाची भीती बरोबर आहे, आणि ती घालवण्याच्या मागं लागू नका.

पगारवाढीचं मात्र स्पष्ट विचारा. "वर्षानं बाकीच्यांना मिळते तशीच वाढ मिळेल ना?" असं विचारणारा माणूस वर्षभर राहायचा विचार करून आलेला दिसतो.

बायोडाटा: लपवू नका, उतरता ठेवा

पदवी गाळा, दोन नोकऱ्या गाळा, वय लिहू नका, असा सल्ला बरेच मित्र देतात. त्यात मोठा खड्डा आहे. तुमचा फंडाचा यूएएन नंबर आयुष्यभर एकच असतो. नव्या ठिकाणी रुजू होताना फॉर्म 11 भरून द्यावा लागतो आणि त्यात आधी फंडाचे सभासद होता का, जुना नंबर काय, नोकरी कधी सोडली, हे लिहावं लागतं. म्हणजे लपवलेली नोकरी पहिल्याच आठवड्यात माझ्याच टेबलावर येते. शिवाय गाळलेल्या नोकरीच्या जागी बायोडाट्यात चार वर्षांचं भगदाड पडतं, आणि चार वर्षं हा काय करत होता, हा प्रश्न जास्त शिक्षणापेक्षा वाईट.

पद बदलूनही लिहू नका. रिलिव्हिंग लेटरवर असिस्टंट मॅनेजर असेल तर बायोडाट्यावरही असिस्टंट मॅनेजरच. बदलायचा असतो तो खालचा मजकूर. त्या गृहस्थांनी पहिल्यांदा पाठवलेला बायोडाटा तीन पानी होता. "सहा जणांच्या टीमचं नेतृत्व", "खर्चनियंत्रणाचं धोरण" वगैरे. तो मी वाचून सोडून दिला होता, हे कबूल करतो. पंधरा दिवसांनी आमच्या कर सल्लागारांच्या ओळखीनं त्यांनी दुसरा पाठवला, एक पानी. त्यात पुण्याच्या कामाखाली पहिली ओळ अशी होती: "टॅलीत खरेदी बिलं आणि जॉबवर्क चलन स्वतः टाकत होतो, दरमहा सुमारे 300 बिलांचा जीएसटीच्या 2बी शी मेळ." पुढं बँक मेळ, टीडीएस भरणं, ई-वे बिल. टीमचं नेतृत्व शेवटच्या ओळीत, चार शब्दांत.

अनुभव तोच. पण पहिला कागद वाचून वाटलं, याला केबिन लागेल. दुसरा वाचून वाटलं, याला आमचं काम माहीत आहे.

एक धोका मात्र आहे. गेली पाच वर्षं तुम्ही नुसत्या सह्या केल्या असतील आणि बिलं दुसऱ्यानं टाकली असतील, तर "स्वतः टाकत होतो" असं लिहू नका. चाचणी घेतली की बोटं सांगतात. अशा वेळी आधी महिनाभर एखाद्या ओळखीच्या सल्लागाराच्या ऑफिसात बसून हात चालवून घ्या, आणि तेच बायोडाट्यात लिहा. खाली बसून काम करायची तयारी आहे, याचा त्याहून चांगला कागद दुसरा नाही.

पहिला निरोप

इथं अर्ज व्हॉट्सॲपवरच जातो. लांबलचक पत्र कुणी वाचत नाही, पण नुसता बायोडाटा टाकून "प्लीज कन्सिडर" लिहिलेलंही चालत नाही. मालकाच्या मनात येणारा प्रश्न तुम्हीच पहिल्या निरोपात उचलायचा, म्हणजे तो कागद बाजूला ठेवायच्या आत उत्तर पोचतं. साधारण असं:

"नमस्कार साहेब. ज्युनिअर अकाउंट असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज पाठवतोय. माझा अनुभव या जागेपेक्षा जास्त दिसेल, म्हणून आधीच सांगतो. जूनपासून कुटुंबासह कोल्हापुरात राहायला आलोय, घर स्वतःचं आहे. जागेचा पगार 24,000 असल्याचं समजलं, तो मान्य आहे. बिल एंट्री, चलन, 2बी चा मेळ हे काम सध्याही हातानं करतो. कधी भेटायला येऊ?"

पाच-सहा वाक्यांच्या वर जाऊ नका. "आपल्या संस्थेच्या प्रगतीत हातभार" वगैरे तर मुळीच नको. आणि शक्य असेल तर निरोपाच्या आधी कुणाच्या तरी तोंडून नाव पोचू द्या. आमदाराची चिठ्ठी म्हणत नाही मी, ती उलटीच पडते. कारखान्याचे कर सल्लागार, जुना स्टोअरकीपर, माल पुरवणारा, ज्यानं तुमचं काम पाहिलंय असा कुणीही चालेल. त्यानं "हुशार आहे" म्हणण्यापेक्षा "हा इथं राहायलाच आलाय" एवढं म्हटलं तरी अर्धं काम होतं.

मुलाखतीत: खुर्चीत कोण कोण आहे ते बघा

मालक मधे बसतात, मॅडम बाजूला लॅपटॉप घेऊन. बोलणं मालक करतात. वयानं मोठा, अनुभवी माणूस समोर आला की मालकांनाही बरं वाटतं, गप्पा रंगतात, आणि उमेदवार पूर्ण वेळ मालकांकडंच बघून बोलतो. मॅडमनी एखादा प्रश्न विचारला तरी उत्तर मालकांना देतो. झालं. मॅडमना कळलं की हा उद्या माझ्या डोक्यावरून थेट केबिनमध्ये जाणार.

गृहस्थांना मालकांनी मुद्दाम विचारलं, "मॅडमच्या एंट्रीत तुम्हाला चूक दिसली तर काय करशिला?" त्यांनी मॅडमकडं वळून उत्तर दिलं: "आधी तुम्हालाच दाखवणार, मॅडम. माझंच चुकत असेल तर तिथंच कळेल. साहेबांकडं न्यायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं." मालकांनी पुढं ताणलं, "आणि मॅडमनी ऐकलं नाही तर?" "मग मेलवर लिहून ठेवीन, पण त्यांनाच." पुण्यात स्वतःपेक्षा सात वर्षांनी लहान मॅनेजरच्या हाताखाली दोन वर्षं काम केल्याचंही त्यांनी सांगितलं, आणि त्याचा फोन नंबर देऊ केला. मॅडमनी संध्याकाळी त्या नंबरवर फोन केला, हे मला नंतर कळलं.

दुसरा अवघड प्रश्न हमखास येतो: "एवढं करून आलात, मग हे काम कंटाळवाणं नाही वाटणार?" इथं "मला शिकायला मिळेल" म्हणू नका. बारा वर्षं हेच केलेल्या माणसानं चलन टाकण्यातून काय शिकायचं, असा विचार ऐकणाऱ्याच्या मनात येतोच. "माझ्या अनुभवाचा कंपनीला फायदा होईल" हेही नको. मालकाला ऐकू येतं, की हा आल्या आल्या सगळं बदलायला लागणार.

त्यापेक्षा काम काय आहे ते तुम्हीच सांगा, बारीकसारीक तपशिलासह. आमच्या या जागेचं काम म्हणजे काय? कास्टिंग उद्यमनगरात मशिनिंगला जातं, त्याचं चलन टाकायचं, परत आलेल्या नगांशी ते जुळवायचं, कारण जॉबवर्कला पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आल्याचं दाखवावं लागतं. आणि महिन्याच्या मध्यावर फोन. 11 तारखेपर्यंत पुरवठादार त्यांचं जीएसटीचं विवरण भरतात, 14 ला आमचं 2बी, म्हणजे त्यांनी दाखवलेल्या आमच्या बिलांची यादी, तयार होतं, 20 ला आमचं 3बी विवरण भरायचं. जे बिल 2बी मध्ये दिसत नाही त्याचं क्रेडिट त्या महिन्यात घेता येत नाही. मग ते सहा दिवस ज्युनिअरनं एकेकाला फोन करत बसायचं: "अहो, तुमचं बिल दिसत नाही, नंबर चुकीचा टाकलाय का?" समोरचा म्हणतो, "उद्या बघतो." दुसऱ्या दिवशी परत फोन.

गृहस्थ म्हणाले, "कंटाळा चलन टाकण्याचा येत नाही साहेब, त्या फोनचा येतो. पण ते काम मीच केलंय. तीनशे बिलांत पंधरा-वीस तरी दर महिन्याला निसटतात. 14 ते 20 मध्ये मी रजा मागणार नाही." कुठलं काम कंटाळवाणं आहे हे ज्याला नेमकं माहीत आहे आणि तरी जो आलाय, त्याच्यावर विश्वास बसतो. कशाचाच कंटाळा येत नाही म्हणणाऱ्यावर बसत नाही.

पुढं त्यांनी स्वतःहून सुचवलं, की एका महिन्याचं खरेदी रजिस्टर आणि 2बी द्या, इथंच बसून जुळवून दाखवतो. मॅडमनी दिलं. दोन तासांत त्यांनी 11 बिलं काढली. त्यातलं एक आमच्याच चुकीनं दोनदा टाकलेलं होतं. ते त्यांनी मोठ्यानं सांगितलं नाही. यादीत त्या ओळीपुढं पेन्सिलनं प्रश्नचिन्ह केलं आणि कागद मॅडमच्या हातात दिला.

चाचणी अशी दोन-तीन तासांची असावी. "महिनाभर फुकट काम करतो, मग ठरवा" असं मात्र म्हणू नका. फुकट काम करणाऱ्याची किंमत तेवढीच राहते, आणि इतका गरजू माणूस चांगलं मिळालं की पळणार, हा संशय उलट वाढतो. मालक घुटमळत असेल तर ठरलेल्या पगारावर तीन महिन्यांची प्रोबेशन मान्य करा.

कशात बांधून घ्यावं, कशात नाही

जाण्याची भीती नुसत्या शब्दानं पूर्ण जात नाही. तिथं काहीतरी लेखी द्यावं लागतं. "पाच वर्षं सोडणार नाही" असं म्हणू नका, त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही आणि तुम्हालाही ते पाळता यायचं नाही. अकाउंट्सच्या माणसाचं जाणं कधी दुखतं हे लक्षात घेऊन तेवढ्याचीच खात्री द्या. आमच्याकडं जानेवारी ते मे वर्षअखेर, आणि पुढं सप्टेंबरअखेरपर्यंत टॅक्स ऑडिट. गृहस्थांनी अर्जातच लिहून दिलं: नोटीस एका महिन्याऐवजी दोन महिन्यांची, आणि सोडायची वेळ आलीच तर ऑडिट झाल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. मालकांनी तो कागद दोनदा वाचला. दुखणारी जागा याला माहीत आहे, असं त्यांना वाटलं असावं.

काही ठिकाणी याच भीतीपोटी मूळ मार्कशीट ठेवून घ्यायला मागतात, किंवा सही केलेला कोरा चेक. दोन्ही देऊ नका. मूळ कागद दाखवावेत, झेरॉक्स द्यावी, मूळ परत घ्यावेत. शांतपणे म्हणा, "नोटीस तीन महिन्यांची करा, पण मूळ कागद बँकेच्या कामाला लागतात." तरी हट्ट धरला तर तिथली पुढची वर्षंही अशीच जाणार हे ओळखून उठा. दंडाचा बॉण्ड असेल तर रक्कम आणि मुदत वाचल्याशिवाय सही नको.

आणि कधीकधी सगळं नीट करूनही नकार येतो. जागा खरंच नव्या पोरासाठी असते, दोन वर्षांनी त्याला वाढवायचं असतं, किंवा मॅडमना नकोच असतं. दोनदा विचारा, तिसऱ्यांदा नको. फक्त जाताना एवढं सांगून जा, की फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्तीचा हात लागला तर फोन करा.

रुजू झाल्यावरचे पहिले तीन महिने

खात्री पटवणं नेमणुकीच्या पत्राबरोबर संपत नाही. सगळे बघत असतात. पहिल्या महिन्यात तुम्हाला टॅलीतली खात्यांची नावं वेडीवाकडी दिसतील, एकाच पुरवठादाराची तीन खाती दिसतील. हात शिवशिवतील. बदलू नका. वहीत लिहून ठेवा, आणि मॅडमनी विचारलं तरच एकेक काढा. "पुण्यात आम्ही असं करायचो" हे वाक्य तर तीन महिने तोंडातून काढूच नका. आमच्या गृहस्थांच्या तोंडून ते दुसऱ्याच आठवड्यात एकदा निसटलं होतं. डिस्पॅचचा पोरगा लगेच म्हणाला, "व्हय की, पन हितं शिरगाव हाय." सगळे हसले, तेही हसले.

त्यांची वही आता मॅडमच्या ड्रॉवरमध्ये असते. पुरवठादारांची तिहेरी खाती ऑडिट झाल्यावर ऑक्टोबरात एकत्र करायची, असं दोघांनी मिळून ठरवलंय.